चार्ज यादीत नसलेली किल्ली

महाराष्ट्रातल्या सरकारी आणि निमसरकारी कचेऱ्यांत ३१ मे हा निरोपसमारंभांचा दिवस असतो. पूर्वी शाळेत नाव घालताना पोराची खरी जन्मतारीख घरात कुणालाच ठाऊक नसे, मग गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. नियम असा की, ज्याचा जन्म एक तारखेचा तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे गुरुजींच्या त्या एका सवयीने आजही राज्यभरातली पुष्कळ टेबले एकाच दुपारी रिकामी होतात. शाल, श्रीफळ, दोन भाषणे, फोटो. आणि या सगळ्यांत कुठेतरी, पेढ्याचा हात पुसून, चार्ज यादीवर दोन सह्या. ‘चार्ज दिला’ आणि ‘चार्ज घेतला’.

या दोन सह्यांच्या वर काय लिहिलेले असावे, हा या लेखाचा विषय. त्यासाठी पनवेल तालुक्यातले नेरे हे गाव समोर ठेवू. माथेरानच्या डोंगरउताराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, गाढी नदीच्या खोऱ्यातले हे गाव. भाताची खाचरे आणि नव्या इमारती इथे शेजारी शेजारी उभ्या आहेत. २०१३ साली नवी मुंबई विमानतळाभोवतीचे ‘नैना’ क्षेत्र अधिसूचित झाले आणि या पट्ट्यातल्या जमिनीला, म्हणजेच कागदाला, पूर्वी कधी नव्हती एवढी किंमत आली. अशा गावच्या ग्रामपंचायतीतला जुना लिपिक निवृत्त होताना मागे काय ठेवून जातो आणि काय नकळत खिशात घालून नेतो, हे पाहण्यासारखे आहे.

आधी थोडे मागे जाऊ. देशावर गावचा हिशेब कुलकर्ण्याकडे असे आणि दप्तर कुलकर्ण्याच्या घरी. रुमालात बांधलेले, माळ्यावर ठेवलेले, मोडीत लिहिलेले. चार्ज देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण वतन बापाकडून मुलाकडे जाई आणि दप्तर वतनाबरोबर. मुलगा दहा-बारा वर्षांचा असल्यापासून बापाशेजारी बसून मोडी घोटत असे, कुठल्या रुमालात कुठल्या सालचा जमाबंदीचा कागद आहे हे त्याला तोंडपाठ होई. हस्तांतराची पद्धत म्हणून पाहिली तर ती फार कार्यक्षम होती, हे कबूल करायला हवे. तिची किंमत गाव मोजत होते. ज्याच्या नावावर जमीन, त्यालाच आपल्या जमिनीचा कागद वाचता येत नसे, आणि ज्याला वाचता येई त्याच्या मर्जीवर सगळे चाले. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुलकर्ण्यावर जे कोरडे ओढले त्यामागे हीच गोष्ट होती.

शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानात कुलकर्णी वतने बंद केली आणि पगारी तलाठी नेमले. तिथे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर हा प्रश्न उभा राहिला की, घरातले दप्तर चावडीत यायचे कसे आणि नव्या माणसाच्या हाती लागायचे कसे. विरोध झाला, चळवळी झाल्या, आणि तो विरोध केवळ उत्पन्नासाठी नव्हता. कागद हातचा गेला की गावातली जागा जाते, हे कुलकर्णी मंडळींना पक्के कळत होते. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० सालचा, अमलात आला १ मे १९५१ रोजी. कोकणात मात्र वतनदार कुलकर्णी देशाइतका सर्वत्र रुजलेला नव्हता, पगारी तलाठी इथे आधीच आला होता. म्हणून पनवेलकडे चार्ज देणे-घेणे ही गोष्ट तुलनेने जुनी आहे.

पगारी माणूस आला की बदली आली, बदली आली की यादी आली. विसाव्या शतकातली चार्ज यादी हा खरे तर फार शहाणा कागद होता, त्याची टवाळी करू नये. ग्रामपंचायतीपुरते बोलायचे तर तिची रीत अशी. ज्या दिवशी चार्ज द्यायचा त्या दिवशी नमुना ५ ची रोकडवही बंद करायची, म्हणजे त्या तारखेपर्यंतच्या नोंदी पुऱ्या करून खाली शिल्लक अक्षरी लिहायची. हातातली रोकड समोरासमोर मोजायची. बँकेचे पासबुक त्याच दिवशी भरून आणायचे. पावतीपुस्तके मोजायची, वापरलेली आणि कोरी दोन्ही, पहिल्या आणि शेवटच्या पावतीच्या क्रमांकासकट. चेकबुकातले कोरे चेकही तसेच. मग घरपट्टीच्या आकारणीचा नमुना ८, मागणीचा नमुना ९, शिक्के, किल्ल्या, कपाटे, खुर्च्या.

यातली पासबुकाची पायरी लोक उरकतात आणि तिथेच फसतात, म्हणून ती आकड्यांत करून पाहू. आकडे कल्पित आहेत. समजा, रोकडवहीप्रमाणे ग्रामनिधीच्या बँक खात्यात शिल्लक ४,१२,३०० रुपये आणि पासबुकात ४,३७,८००. फरक २५,५०० चा. नवा माणूस खूश होतो, बँकेत जास्तच आहेत म्हणतो आणि सही करतो. पण जाणारा लिपिक शहाणा असेल तर तो त्याला खाली बसवून समजावतो: पंपदुरुस्तीचा १८,००० चा आणि पाईपचा ९,५०० चा असे दोन चेक दिलेत, ते अजून बँकेत वटलेले नाहीत. म्हणजे २७,५०० बँकेकडे दिसतात पण आपले नाहीत. उलट, काल भरलेले वसुलीचे २,००० अजून जमा दिसत नाहीत. ४,१२,३०० मध्ये २७,५०० मिळवा, २,००० वजा करा, ४,३७,८०० बरोबर येतात. हे चार ओळींचे जुळवणीपत्रक चार्ज यादीला जोडलेले नसेल, तर दोन महिन्यांनी ते चेक वटतात, शिल्लक कोसळते, आणि ‘पैसे कुणाच्या काळात गेले’ यावर पुढची तीन वर्षे लेखापरीक्षणात पत्रव्यवहार चालतो.

कोऱ्या पावतीपुस्तकांचे तर याहून वाईट. चार्ज यादीत ‘पावतीपुस्तके : १ गठ्ठा’ असे लिहिलेले असते. गठ्ठ्यातले एक पुस्तक कमी निघाले तर त्यावर कुणी किती घरपट्टी गोळा केली हे कधीच कळत नाही, कारण पावती खरी असते, भरणा मात्र रोकडवहीत नसतो. लोक पावती दाखवतात आणि नमुना ९ मध्ये त्यांच्या नावापुढे थकबाकी उभी असते. क्रमांक लिहिण्याचा जो कंटाळा, त्याची भरपाई घरमालक दुसऱ्यांदा पट्टी भरून करतो.

तर ही यादी वस्तूंची होती आणि वस्तूंपुरती चोख होती. तिजोरीच्या दुसऱ्या किल्लीचाही विचार तिने केलेला होता: ती मोहोरबंद पाकिटात दुसऱ्या ठिकाणी, कोषागारात, ठेवायची, म्हणजे किल्लीवाला अचानक गेला तरी तिजोरी फोडावी लागू नये. जे यादीत कधीच नव्हते ते म्हणजे वाचण्याची विद्या. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध लिपी पत्करली. त्यानंतरही काही दशके मोडी चालत राहिली, मग विरून गेली. दर बदलीला मोडीचे रुमाल एकाने दुसऱ्याला दिले, दुसऱ्याने तिसऱ्याला. ‘जुने दप्तर, मोडी, इतके रुमाल’ अशी ओळ यादीत येत राहिली आणि त्याखाली सह्याही होत राहिल्या. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा तालुक्या-तालुक्यांत जन्ममृत्यूच्या कोतवाल बुकांचे, म्हणजे गाव नमुना १४ चे, गठ्ठे सोडले गेले. कागद होते. वाचणारे शोधून आणावे लागले. शंभर वर्षे चार्ज नियमाप्रमाणे दिला-घेतला गेला होता.

नेऱ्यासारख्या गावाला यात आणखी एक पेच आहे. हा भाग १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, मग कुलाब्यात गेला, आणि कुलाब्याचे १९८१ साली रायगड झाले. जुना कागद शोधणाऱ्याने कुठल्या सालासाठी कुठल्या जिल्ह्याच्या नावाखाली पाहायचे, हे लिपिकाला माहीत असते आणि अर्जदाराला नसते. अशी माहिती ज्याच्या डोक्यात असते त्याला कचेरीत ‘अण्णांना विचारा’ म्हणतात. अण्णा ३१ मे रोजी घरी जातात.

आता आजच्या कचेरीकडे येऊ. ग्रामपंचायतीचे नमुने १ ते ३३ आजही आहेत, पण पैशाची मुख्य वाट संगणकातून जाते. २४ एप्रिल २०२० रोजी ई-ग्रामस्वराज सुरू झाले. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी त्यावरून खर्च होतो, आणि देयक पीएफएमएसमार्गे थेट ठेकेदाराच्या खात्यात जाते. इथे चेकवरच्या दोन सह्यांची जागा दोन डिजिटल स्वाक्षऱ्यांनी घेतली. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे २०२४ पर्यंतचा ग्रामसेवक, देयक तयार करून आपली स्वाक्षरी करतो. सरपंच ते तपासून आपली करतो. प्रत्येकाची स्वाक्षरी पेनड्राइव्हसारख्या एका छोट्या टोकनमध्ये असते, आणि टोकनला पिन असतो.

कागदावर लिपिकाचा याच्याशी काहीच संबंध नाही. कार्यालयात मात्र बऱ्याच ठिकाणी दोन्ही टोकने एकाच ड्रॉवरमध्ये असतात आणि दोन्ही पिन एकाच माणसाला पाठ असतात. तो कधी लिपिक असतो, कधी संगणक परिचालक. सरपंचांना संगणकाची सवय नाही, अधिकाऱ्याकडे तीन गावांचा अतिरिक्त कार्यभार आहे, आणि ठेकेदार सकाळपासून बाकावर बसलेला आहे. त्यातून ही सोय जन्मते. माझ्या मते ही कुलकर्ण्याच्या माळ्याचीच पुनरावृत्ती आहे: अधिकार एकाच्या नावावर, किल्ली दुसऱ्याच्या हाती, आणि गावाला ते माहीत.

म्हणून निवृत्त होणाऱ्या लिपिकाने हस्तांतराची टिपणी लिहायला घेतली की त्याच्यापुढे पहिली अडचण येते ती अशी: जे त्याच्याकडे आहे त्यातले निम्मे त्याच्याकडे असायलाच नको होते. ते लिहावे तर स्वतःवर बोट येते, न लिहावे तर येणारा अडकतो. मग तो मधला मार्ग काढतो. वहीच्या शेवटच्या पानावर सगळे पासवर्ड आणि पिन लिहून वही नव्या माणसाच्या हाती ठेवतो आणि म्हणतो, सगळं यात आहे. हेतू चांगलाच असतो. कृती मात्र बेकायदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम ४२ स्वाक्षरीधारकाला आपली खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवायला बांधते, आणि दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला तर कलम ‘६६ सी’ तीन वर्षांपर्यंतची कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगते. तिजोरीची किल्ली देता येते. स्वाक्षरी देता येत नाही, ती ज्याची त्याच्याबरोबर संपते आणि येणाऱ्याची नवी काढावी लागते.

हे एकदा नीट समजले की टिपणी कशी लिहायची ते आपोआप ठरते. तिच्यात पासवर्डचा रकाना नसतोच. प्रत्येक खात्यापुढे चार गोष्टी असतात: खाते कशासाठी, ते कोणत्या पदाच्या नावाने उघडलेले आहे, त्याला कोणता मोबाइल आणि ईमेल जोडलेला आहे, आणि माणूस बदलला की नवा प्रवेश कुणाकडे अर्ज करून मिळतो. बस. यातला मोबाइलचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित.

मोबाइलचे असे होते. सहा-सात वर्षांपूर्वी कुठलेसे खाते उघडताना क्रमांक मागितला, कार्यालयाचा मोबाइल नव्हता, लिपिकाने आपला दिला. एकदा दिला की पुढच्या प्रत्येक खात्याला तोच. निवृत्तीनंतर नवा माणूस ‘पासवर्ड विसरलात?’वर बोट ठेवतो आणि ओटीपी जातो गावाकडे भात लावणाऱ्या माणसाच्या खिशात. ‘अण्णा, आकडा आला का?’ असे फोन वर्षभर चालतात. त्या वर्षात अण्णांचा फोन हरवला, क्रमांक बंद झाला आणि कंपनीने तो दुसऱ्याला दिला, किंवा अण्णांचे नव्या सरपंचांशी बिनसले, की खाते कुलूपबंद. म्हणून क्रमांक बदलण्याचे काम निवृत्तीच्या आधी, जुना माणूस ओटीपी वाचून दाखवायला समोर असताना करायचे असते. नंतर तेच काम पंचायत समितीच्या पत्रांशिवाय होत नाही.

बँकेची वाट वेगळी. तिथे पासवर्ड नव्हे तर नमुना सही चालते. ग्रामनिधीचे खाते सरपंच आणि अधिकारी यांच्या संयुक्त सहीचे. अधिकारी बदलला की बदलीचा किंवा नियुक्तीचा आदेश, ग्रामपंचायतीचा ठराव, नव्या माणसाची ओळखपत्रे आणि बँकेचे नमुना सहीचे कार्ड, एवढे लागते. ते होईपर्यंतच्या दिवसांत नव्या माणसाच्या सहीचा चेक परत येतो आणि जुन्याच्या सहीचा चालून जातो. फसवणूक झालीच तर ती याच दिवसांत होते: मागची तारीख टाकून जुन्या सहीने चेक फाडला जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे. चार्जच्या दिवशी शेवटच्या वापरलेल्या आणि पहिल्या कोऱ्या चेकचा क्रमांक यादीत लिहिलेला असेल, तर त्या पुढच्या क्रमांकावर आधीची तारीख असूच शकत नाही. डिजिटल देयकाची तपासणी तर याहून सोपी, कारण स्वाक्षरी कुणाची आणि केव्हाची हे देयकातच उमटलेले असते. निवृत्त माणसाच्या नावाची स्वाक्षरी निवृत्तीनंतरच्या तारखेला दिसली, तर चोरी झालेली नसली तरी अधिकार संपल्यावर ती वापरली गेली एवढे सिद्ध आहे.

टोकनची वाट सर्वांत लांब. परवानाधारक यंत्रणेकडून येणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाचे नवे प्रमाणपत्र घ्यायचे, ते प्रणालीत नोंदवायचे, वरच्या पातळीवरून मंजुरी घ्यायची, आणि जुने बंद करायला लावायचे. हा शेवटचा तुकडा कुणी करत नाही. मुदत संपेल तेव्हा आपोआप बंद होईल म्हणतात, आणि मुदत वर्षा-दोन वर्षांची असते. त्यात काम अडू नये म्हणून जुनेच टोकन ‘तोवर’ वापरायचे ठरते. नेमक्या त्या ‘तोवर’ मध्ये मार्चअखेर येते, पंधराव्या वित्त आयोगाचा निधी खर्ची टाकायची घाई होते, पाणी-स्वच्छतेसाठी बंधित असलेला ६० टक्के भाग आणि उरलेला अबंधित ४० टक्के यांची सरमिसळ होते, आणि सही त्या माणसाची उमटते जो त्या वेळी कार्यालयात नव्हता. त्याला नोटीस जाते. पेन्शनच्या कागदांबरोबर ना-देय प्रमाणपत्र मागणाऱ्या माणसाला हे किती महागात पडते, ते ज्याने ते प्रमाणपत्र मिळवायला फेऱ्या मारल्यात त्याला विचारावे.

अण्णांच्या डोक्यातल्या गोष्टींचे काय? त्यांना टिपणीत शेवटचे एक पान द्यावे, आणि ते छापील नमुन्यात बसवण्याचा हट्ट धरू नये. नमुना ८ मध्ये कुठल्या घरांवर मयताचे नाव अजून आहे आणि वारसांचा वाद कशावर अडला. पाणीपुरवठ्याच्या पंपाचे वीजबिल कुठल्या जुन्या नावाने येते. कुठला ठराव इतिवृत्तात आहे पण अंमलात नाही. मोडीतली कागदपत्रे कुठल्या कपाटात आहेत आणि त्यातली कुठली कुणी वाचून घेतली. ज्या गावात जमिनीचा दर झटपट बदलतो तिथे या पानाची राखण रोकडवहीइतकीच करावी लागते, कारण त्यातल्या दर ओळीत कुणाचा तरी फायदा असतो. म्हणूनच हे पान एकाच प्रतीत नसावे. एक प्रत कार्यालयात, एक पनवेलला पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे, दोन्हींवर दोन्ही सह्या.

आणि हे फक्त एका टेबलापुरते राहत नाही. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा तालुक्यातली २९ गावे तिच्यात गेली आणि तिथल्या ग्रामपंचायती एका दिवसात संपल्या. नमुना ८ पासून बँक खात्यांपर्यंत सगळे एका दुसऱ्याच यंत्रणेच्या हाती द्यायचे होते, जिच्या मालमत्ता कराची पद्धत वेगळी, नोंदवह्या वेगळ्या, माणसे वेगळी. त्या गावांत मालमत्ता कराचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. नेरे तेव्हा बाहेर राहिले. आजूबाजूची वस्ती ज्या वेगाने वाढते आहे ते पाहता तिथल्या कार्यालयाला आपला संपूर्ण चार्ज कधीतरी असाच द्यावा लागण्याची शक्यता आहे. त्या दिवशी समोरचा माणूस गावचा नसेल, अण्णांचा फोन नंबर त्याच्याकडे नसेल, आणि त्याच्या हातात असेल ती फक्त त्याआधी वेळोवेळी लिहिलेल्या टिपण्यांची फाइल, लिहिल्या गेल्या असतील तर.